'करून राहिला' मधे क्रिया किती? क्रियापदांची साखळी ओळखायची कशी

मागे एका पुण्याच्या मित्राला मेसेज टाकला होता, 'मी मामाकडे जाऊन राहिलो'. मी तेव्हा नागपुरात बसस्टॉपवर उभा होतो, बर्डीवरून निघायचं होतं. त्याचा रिप्लाय आला, 'अरे वा, किती दिवस राहिलास?' त्याच्या मराठीत मी मामाकडे गेलो आणि तिथं मुक्काम केला. माझ्या नागपुरी मराठीत मी अजून रस्त्यात होतो. शब्द तेच, क्रम तोच, पण त्याच्या वाक्यात दोन घटना आणि माझ्यात एकच. तेव्हापासून मी अशी वाक्यं गोळा करतोय, आणि भाषाविज्ञानाला नुकतीच सुरुवात केलेले पोरं-पोरी विचारतात की सीरियल वर्ब म्हणजे नेमकं काय आणि मराठीत ते असतं का, तर जी पद्धत मी वापरतो तीच इथं पायरीपायरीनं सांगतो.

आधी सीरियल वर्ब म्हणजे काय ते एका उदाहरणातून पाहू. नायजेरियातल्या योरुबा भाषेत 'त्यानं पुस्तक आणलं' हे सांगायला 'ओ मू इवे वा' म्हणतात. 'ओ' म्हणजे तो, 'मू' म्हणजे घेणे, 'इवे' म्हणजे पुस्तक, 'वा' म्हणजे येणे. म्हणजे शब्दशः 'तो घे पुस्तक ये'. मधे 'आणि' नाही, आपल्या 'ऊन' सारखा प्रत्यय नाही, काही नाही. दोन क्रियापदं जशीच्या तशी एका वाक्यात बसली, कर्ता एकदाच आला, आणि दोघांनी मिळून 'आणणे' ही एकच घटना सांगितली. नकार द्यायचा तर तोही एकदाच, सुरुवातीला, 'को मू इवे वा', म्हणजे नाही आणलं. घेण्याला वेगळा नकार आणि येण्याला वेगळा, असं करावं लागत नाही.

पापुआ न्यू गिनीतली कलाम भाषा तर याच्या खूप पुढं जाते. तिथं 'मी सरपण आणलं' एवढ्यासाठी शब्दशः 'मी जा लाकूड मार घे ये ठेवलं' असं बोलता येतं. जाणं, लाकूड तोडणं, उचलणं, परत येणं, ठेवणं, पाच क्रियापदं, आणि काळाचा-पुरुषाचा प्रत्यय फक्त शेवटच्याला. आपण 'आणलं' या एका शब्दात जे दाबून टाकतो ते ती भाषा उलगडून सांगते.

या प्रकाराकडे युरोपियन लोकांचं लक्ष जुनंच आहे. क्रिस्टालर नावाचा मिशनरी होता, त्यानं 1875 मधे आजच्या घानातल्या भाषेचं, ज्याला ट्वी किंवा अकान म्हणतात, व्याकरण छापलं आणि त्यात क्रियापदांच्या जोड्यांचे दोन गट केले. एक गट असा की दोन वेगळ्या क्रिया नुसत्या एकामागं एक आल्यात, आणि दुसरा असा की एक क्रियापद मुख्य आणि दुसरं त्याला मदत करतं. हा फरक डोक्यात ठेवा, आपल्याला पुढं हाच लागणार आहे.

आता मराठीकडं येऊ. मार्टिन हास्पेलमाथनं 2016 मधे जी घट्ट व्याख्या दिली ती सोप्या शब्दांत अशी: एकच उपवाक्य, त्यात एकापेक्षा जास्त स्वतंत्र क्रियापदं, मधे जोडणारं काहीही नाही, आणि एक क्रियापद दुसऱ्याचं कर्म वगैरे नाही. या मापानं मोजलं तर मराठी पहिल्याच फेरीत बाहेर, कारण आपल्याकडं मधे 'ऊन' बसलेला असतो. 'जाऊन', 'खाऊन', 'घेऊन'. शाळेत याला धातुसाधित अव्यय म्हणून शिकवलं असेल. कोणी म्हणेल की 'जा पाणी आण' मधे कुठं ऊन आहे? बरोबर आहे, पण तेच भूतकाळात टाकून पाहा, 'गेला पाणी आणलं' असं एका दमात कोणी बोलत नाही, 'जाऊन पाणी आणलं' म्हणावं लागतं. म्हणजे ती सुटी जोडी फक्त आज्ञेत चालते. योरुबात तसं नाही, तिथं ती सगळीकडं चालते.

मग मराठीवाल्यानं हा विषय सोडून द्यायचा का? माझं स्पष्ट उत्तर आहे, सोडायचा नाही. कारण 'एक घटना की दोन' हा जो खरा प्रश्न आहे तो आपल्या 'ऊन' मधे पूर्णच्या पूर्ण शिल्लक राहतो, आणि नागपुरी बोलीत तर जास्तच, कारण इथं 'ऊन' नंतरचं 'राहणे' हे आपला अर्थ सोडून चालू काळाचं चिन्ह झालंय. फक्त एक करा, वहीत लिहिताना मराठीच्या जोडीला डोळे झाकून 'सीरियल वर्ब' असं लेबल लावू नका. 'ऊन-जोडी' लिहा, आणि पुढं तिचा ढीग लिहा. ढीग तीन आहेत.

पहिला ढीग, दोन घटना. 'तो जेवून आला.' जेवला, मग आला.

दुसरा ढीग, घटना एक पण दोन्ही क्रियापदं जिवंत. 'तो डबा घेऊन आला.' घेणंही झालं, येणंही झालं, पण दोन्ही मिळून डबा आणणं.

तिसरा ढीग, घटना एक आणि दुसरं क्रियापद फिकं पडलेलं. 'त्यानं पोळी खाऊन टाकली.' इथं कोणी काहीच टाकलेलं नाही, टाकलीचं काम एवढंच की खाणं पूर्ण झालं, संपलं. आणि आपलं 'तो चहा पिऊन राहिला', जिथं राहण्याचा संबंध नाही, आत्ता पिणं चालू आहे एवढंच.

योरुबाचं 'मू वा' हे दुसऱ्या ढिगाचं भावंड आहे, फक्त बिना ऊनचं. एवढं लक्षात आलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे हातात आलेलं वाक्य कोणत्या ढिगात टाकायचं ते, आणि ते नुसतं कानानं ठरवू नका, तपासून ठरवा.

पायरी पहिली: वाक्य जसं ऐकलं तसं लिहा. दुरुस्त करू नका. 'राह्यला' ऐकलं तर 'राह्यला' लिहा, 'मले' ऐकलं तर 'मला' करू नका. बाजूला दोन गोष्टी नक्की लिहा, वाक्य कोणत्या प्रसंगी आलं आणि त्या वेळी प्रत्यक्षात काय चालू होतं. ही नोंद नसेल तर नंतर घरी बसून 'बसून राहिला' म्हणजे नेमकं काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही, माझी सुरुवातीची बरीच पानं याच्याचमुळं वाया गेली.

पायरी दुसरी: 'ऊन' काढून तिथं 'न' आणि 'ता' लावा. ही माझी सगळ्यात लाडकी टेस्ट आहे. 'जेवून आला' चं 'न जेवता आला' करा. आला चा अर्थ बदलला का? नाही, आला तो आलाच. 'डबा घेऊन आला' चं 'डबा न घेता आला', इथंही आला जागच्या जागी. आता 'पोळी खाऊन टाकली' चं करा, 'पोळी न खाता टाकली'. पाहा काय झालं, आता पोळी खरोखर टाकली गेली, गाईला किंवा कचऱ्यात. आणि 'चहा पिऊन राहिला' चं 'चहा न पिता राहिला' केलं तर बिचारा चहाशिवाय राहिला असा अर्थ होतो, राहणे आपल्या मूळ अर्थाला परत आलं. म्हणजे जिथं हा बदल केल्यावर दुसऱ्या क्रियापदाचा जुना अर्थ उठून बसतो, तिथं समजा की मूळ वाक्यात ते क्रियापद फिकं होतं आणि पहिल्याला चिकटूनच जगत होतं. तो तिसरा ढीग.

पायरी तिसरी: दोन क्रियापदांच्या मधे एक पूर्ण शब्द घुसवा, जागेचा असेल तर उत्तम. 'घरी चहा पिऊन राहिला' म्हटलं तर नागपुरात अर्थ होतो की घरी आहे आणि चहा पिणं चालू आहे. तेच 'घरी' उचलून मधे ठेवा, 'चहा पिऊन घरी राहिला', लगेच अर्थ फिरला, चहा पिला आणि मग घरीच थांबला, कुठं गेला नाही. 'जेवून घरी आला', 'डबा घेऊन घरी आला' यांना मात्र काही होत नाही, तिथं सांध्यात जागा आहे. एक सावधानी, 'च', 'तर', 'ही' असले छोटे शब्द यासाठी वापरू नका. 'नुसता खाऊनच राहिला', 'खाऊन तर टाक' हे आरामात चालतं आणि जोडी काही सुटत नाही, त्यामुळं त्यांच्यावरून काहीच ठरत नाही.

पायरी चौथी, पहिला आणि दुसरा ढीग वेगळे करायला: वाक्य फोडून मधे 'नंतर' टाका. 'जेवला, नंतर आला' हे 'जेवून आला' च्याच अर्थाचं आहे, काही हरवलं नाही. 'डबा घेतला, नंतर आला' मधे मात्र एक गोष्ट हरवली, डबा इथं पोचला की नाही ते. खात्री करायची तर पुढं जोडून पाहा, 'डबा घेतला, नंतर आला, पण डबा काही आणला नाही', होऊ शकतं, रस्त्यात कोणाला दिला असेल. पण 'डबा घेऊन आला पण डबा काही आणला नाही' हे ऐकून समोरचा म्हणेल काय बोलतो बे. जिथं फोडल्यावर काहीतरी हरवतं तिथं घटना एक होती.

इथं 'घेणे' मुळं एक घोळ होतो तो सांगून ठेवतो. 'भाजी घेऊन ये' मधे घेणे म्हणजे हातात घेणे की विकत घेणे? इतवारीच्या बाजारात पाठवताना विकत घेणे असतं, आणि स्वयंपाकघरातून हाक मारली असेल तर हातात घेणे. विकत घेऊन येण्यात पैसे देणं ही आपल्या आपली एक घटना आहे, त्यामुळं ते वाक्य पहिल्या ढिगाकडं सरकतं. म्हणून प्रसंग लिहा असं वर म्हटलं.

पायरी पाचवी, फक्त तिसऱ्या ढिगासाठी: क्रियापद स्वतःलाच जोडून पाहा. 'पैसे देऊन दे.' 'हे घेऊन घे.' 'तू आजकाल कुठं राहून राहिला?' नागपुरात या तिन्ही वाक्यांवर कोणाची भुवई वर जात नाही. दुसरं 'दे' जर खरंखुरं देणं असतं तर तेच देणं दोनदा कशाला सांगायचं? ते चालतं म्हणजेच दुसरं क्रियापद आता नुसतं व्याकरणाचं काम करतंय. 'राहून राहिला' तर मला फार मोलाचं वाटतं, कारण पहिलं राहणं वस्तीचं आहे आणि दुसरं चालू काळाचं, एकाच धातूचे दोन वयाचे भाऊ शेजारी बसल्यासारखे.

'राहिला' बद्दल अजून एक पुरावा डोळ्यांसमोर असतो आणि दिसत नाही. रूप भूतकाळाचं आहे, पण 'काय करून राहिला?' हे आत्ताचं विचारणं आहे. मागचं विचारायचं असेल तर आपण 'काय करून राहिला होता?' म्हणतो, 'होता' वेगळा जोडावा लागतो. म्हणजे 'राहिला' ची भूतकाळाची ताकद पण गेलेली आहे. हिंदीतलं 'कर रहा है' याच वळणाचं आहे आणि त्या शेजाराचा हा परिणाम मानला जातो. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होतं आणि 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची, म्हणजे कचेरीत, बाजारात हिंदी आणि मराठी पिढ्यानपिढ्या मांडीला मांडी लावून बसल्या. फरक एवढाच की हिंदीत 'कर' सुटा आहे आणि आपण त्याला आपला 'ऊन' लावून घेतला.

आता एक पूर्ण वाक्य सोडवून दाखवतो. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एक माणूस घाईत म्हणाला:

'भाऊ, पोहे बांधून देऊन दे ना, गाडी येऊन राहिली.'

वहीत असं लिहिलं: प्रसंग, गिऱ्हाईक पार्सल मागतंय, बस लांबून दिसतेय पण स्टॉपवर पोचलेली नाही. पहिला तुकडा, बांध-ऊन, दे-ऊन, दे. दुसरा तुकडा, ये-ऊन, राहिली.

पहिल्या तुकड्यात तीन क्रियापदं आणि दोन सांधे, आणि दोन्ही सांधे एकसारखे नाहीत हे आधी दिसत नाही. पहिला सांधा 'बांधून | देऊन'. न-ता लावा, 'न बांधता देऊन दे', चालतं, म्हणजे प्लेटमधेच दे, देण्याला काही झालं नाही. मधे शब्द घुसवा, 'बांधून मले देऊन दे', एकदम सहज. सांधा सैल आहे. दुसरा सांधा 'देऊन | दे'. 'बांधून न देता दे', अर्थच लागत नाही, देऊ नको आणि दे. 'बांधून देऊन मले दे', हेही कानाला मोडतं. सांधा घट्ट आहे, आणि क्रियापद स्वतःलाच जोडलंय म्हणजे पाचवी टेस्ट आपोआपच पास. तर तिसरं 'दे' तिसऱ्या ढिगातलं, काम संपवून टाक, मोकळं कर असा भाव देणारं. राहिलं 'बांधून' आणि 'देऊन दे' यांचं नातं. 'नंतर' घालून फोडा, 'पोहे बांध, नंतर देऊन दे', काही हरवलं का? नाही. म्हणजे तो पहिला ढीग, दोन घटना, जरी त्या दहा सेकंदात होत असल्या तरी. घाई म्हणजे एकपणा नाही, इथं नवीन माणूस हमखास चुकतो, पटकन झालं म्हणून एक घटना लिहितो.

दुसरा तुकडा सोपा आहे. 'गाडी न येता राहिली' केलं की गाडी आलीच नाही, राहून गेली. 'गाडी येऊन स्टॉपवर राहिली' केलं की गाडी येऊन उभी आहे. दोन्हीकडं राहणे जागं झालं, म्हणजे मूळ वाक्यात ते झोपलेलं होतं, आणि प्रसंगाची नोंदही तेच सांगते, गाडी तर अजून पोचलीच नव्हती. तिसरा ढीग.

चुका कुठं होतात ते दोनच सांगतो, पण दोन्ही मोठ्या. पहिली म्हणजे 'ने' वरून ठरवणं. 'तिनं पोळी खाल्ली' मधे 'तिनं' येतं आणि 'ती पोळी खाऊन राहिली' मधे 'ती', हे पाहून वाटतं की मिळाला पुरावा, राहिली ने सगळं वाक्य ताब्यात घेतलं, म्हणजे घटना एक. पण 'ती पोळी खाऊन आली' मधेही 'ती' च येतं आणि तिथं घटना सरळ दोन आहेत. कर्त्याला ने लागणार की नाही हे तिन्ही ढिगांत शेवटचं क्रियापदच ठरवतं, 'तिनं पोळी खाऊन टाकली' मधे टाकणे सकर्मक म्हणून ने आला. तेव्हा ही खूण खरी आहे पण ढीग वेगळे करायला काही कामाची नाही.

दुसरी चूक विचारण्याची पद्धत. 'तुम्ही असं बोलता का हो?' असं विचारलं की माणूस सावध होतो, मोबाईल समोर ठेवला की अजूनच, आणि पुस्तकातलं 'करतोय, येतेय' सुरू होतं. मी माझ्या आजीला विचारलं तर ती म्हणाली आम्ही कुठं असं बोलतो, आणि पुढच्याच मिनिटाला, 'पाय ना बाप्पा, दूध उतू जाऊन राहिलं'. म्हणून प्रसंग सांगा आणि अर्थ विचारा. 'कोणी म्हणालं चहा पिऊन घरी राहिला, तर तो आता कुठं आहे?' असा प्रश्न टाकला की उत्तर भाषेबद्दल नाही तर माणसाबद्दल येतं, आणि ते खरं असतं. दोन-तीन जणांना विचारा, त्यातला एक तरी विदर्भाबाहेरचा असला तर बरं, फरक तिथंच उमटतो.

बसणे, पडणे, झोपणे यांच्याजवळ मात्र या टेस्ट थोड्या घसरतात. 'पाणी पडून राहिलं' म्हणजे नागपुरात पाऊस चालू आहे, पण 'तो पलंगावर पडून राहिला' म्हणजे आत्ता पडलेला आहे, की दिवसभर उठलाच नाही? दोन्ही होतं, आणि दुसरा अर्थ पुण्यातही आहे. इथं 'तसाच' घालून पाहा. 'तसाच पडून राहिला' म्हणणाऱ्याला तेच म्हणायचं होतं का विचारा, हो म्हणाला तर राहणे जिवंत आहे. आणि वाक्य 'काय करून राहिला?' याचं उत्तर म्हणून आलं असेल तर बहुतेक ते फिकं आहे. दोन्हीनं सुटलं नाही तर एका ढिगात कोंबू नका, दोन्ही अर्थ प्रसंगासकट लिहून ठेवा. माझ्या वहीत 'बसून राहिला' ची अशी तीन-चार वाक्यं वेगळ्या पानावर आहेत, त्यातल्या एकात ती बाई नवऱ्याबद्दल सांगत होती की पेन्शनीत निघाल्यापासून गॅलरीत बसून राहिला, आणि तो त्या क्षणीही गॅलरीतच बसलेला मला दिसत होता.